ताशी १२६ चा चेंडू फलंदाजापर्यंत किती वेळात पोचतो? हिशेब कसा करायचा आणि तो कुठे चुकतो

सांगलीत आमच्या नेट्सवर गेल्या हिवाळ्यात एकाच चेंडूचे तीन वेग निघाले. उसनी आणलेली स्पीड गन १२६ दाखवत होती. गोलंदाजाच्या मित्राने मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओवरून ११५ काढले. तिसऱ्याने त्याच व्हिडिओतली तीच वेळ घेतली आणि १३१ सांगितले. पोरगा हिरमुसून माझ्याकडे आला, "सर, एकशे पंधराच पडतोय व्हय माझा बॉल?"

त्याचा बॉल १२६ नेच पडत होता. गन बरोबर होती आणि व्हिडिओत मोजलेली वेळही बरोबर होती. चुकला होता तो मधला हिशेब, आणि दोघांनी तो दोन वेगळ्या ठिकाणी चुकवला होता. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी नेट्सवर असतो, त्यामुळे हा घोळ दर हंगामात नव्याने समोर येतो. म्हणून हा हिशेब पहिल्या पायरीपासून शेवटापर्यंत इथे मांडतो. उदाहरणाला तोच चेंडू घेऊ: हातातून सुटताना ताशी १२६ किलोमीटर, टप्पा गुड लेंथवर, सीझन बॉल.

## तयारी: काय हाताशी हवे

तीस मीटरची टेप, थोडा चुना, स्लो मोशन चित्रण करणारा मोबाइल, तो हलू नये म्हणून स्टँड आणि एक कोन किंवा विटेचा तुकडा. स्पीड गन असेल तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

त्याआधी एक ठरवा. तुम्हाला वेगावरून वेळ काढायची आहे की वेळेवरून वेग? पायऱ्या त्याच आहेत, फक्त उलट्या दिशेने चालायच्या. बहुतेक चुका होतात त्या अर्धा हिशेब एका दिशेने आणि उरलेला दुसऱ्या दिशेने केल्यामुळे.

## १. अंतर: २२ यार्ड विसरा

पहिली चूक इथेच होते. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटरची, हे सगळ्यांना पाठ असते. म्हणून चेंडू २०.१२ मीटर जातो असे धरले जाते. पण हे अंतर स्टंपपासून स्टंपपर्यंतचे आहे, आणि चेंडू स्टंपपासून सुटत नाही.

पॉपिंग क्रीज, म्हणजे पुढची रेषा, स्टंपच्या चार फूट पुढे असते. गोलंदाजाचा पुढचा पाय तिथे पडतो आणि चेंडू सुटताना त्याचा हात साधारण त्या रेषेच्या वरच असतो. समोर फलंदाजही आपल्या बाजूच्या पुढच्या रेषेजवळ चेंडूला भेटतो. म्हणजे दोन्हीकडचे चार-चार फूट वजा करायचे. मैदानावर हे फुटांत लवकर होते: ६६ फुटांतून ८ गेले, राहिले ५८ फूट. मीटरमध्ये १७.६८.

हा फरक अडीच मीटरच्या जवळ आहे. आमच्या १२६ च्या चेंडूला तेवढे अंतर कापायला सुमारे ०.०७ सेकंद लागतात. एकूण गोष्टच अर्ध्या सेकंदाची असताना ही चूक बारीक म्हणता येत नाही.

सावध: पुस्तकातला आकडा घेऊन बसू नका, टेप लावा. शाळेच्या मैदानावर किंवा गावच्या स्पर्धेत आखलेली पट्टी कैकदा एखादे पाऊल कमी-जास्त निघते. मॅट टाकली असेल तर रेषा मॅटच्या कडेवरून ओढलेल्या असतात, तेव्हा विशेष लक्ष द्या.

तपासा: पुढच्या रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत टेप ५८ फूट दाखवते का? नसेल तर जे येईल तेच तुमचे अंतर. इथून पुढे सगळीकडे तेच वापरायचे.

माधवनगरकडून येणाऱ्या मुली मला हमखास विचारतात, की आमचे अंतर वेगळे का? नाही. स्मृती मानधना ज्या पट्टीवर खेळते तीही २२ यार्डांचीच. महिलांचा चेंडू थोडा लहान आणि हलका असतो, १४० ते १५१ ग्रॅमचा. पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा. खालचा हिशेब दोघांनाही चालतो.

## २. वेग: तासाचे सेकंद करा

ताशी किलोमीटरला ३.६ ने भागले की सेकंदाला मीटर मिळतात. १२६ ला ३.६ ने भागले की बरोबर ३५. म्हणजे हातातून सुटताना चेंडू सेकंदाला ३५ मीटर या वेगाने निघाला.

काही जण घाईत भागण्याऐवजी गुणतात आणि ४५३ मीटर काढून पुढे जातात. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर आहे, त्यामुळे तुमचा आकडा त्याच्या वर गेला तर गुणाकार झालाय हे लगेच ओळखा. वेगवान गोलंदाजीत हे उत्तर २८ ते ४५ च्या दरम्यान यायला हवे.

आता अंतराला वेगाने भागू. १७.६८ ला ३५ ने भागले, उत्तर ०.५०५ सेकंद.

बरेच लोक इथे थांबतात. हे उत्तर खरे ठरायचे तर चेंडूने हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत तोच वेग टिकवायला हवा, आणि तो टिकत नाही.

## ३. वाटेत वेग कुठे जातो

ही पायरी नीट समजली तर बाकीचा लेख वाचायची गरज उरत नाही, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

चेंडूचा वेग दोन ठिकाणी जातो. पहिले, हवेत. एवढ्या वेगाने जाणाऱ्या चेंडूला हवा सतत मागे ढकलते. सीझन बॉल गुड लेंथपर्यंत पोचतो तेव्हा सुटतानाच्या वेगातला साधारण आठ-नऊ टक्के वेग गेलेला असतो. दुसरे, टप्प्यावर. चेंडू जमिनीला घासतो, घर्षण त्याला मागे ओढते आणि त्या घासण्यातूनच तो फिरायला लागतो. इथे आणखी सुमारे दहा-बारा टक्के एका झटक्यात जातात. नेमके किती, हे खेळपट्टीवर ठरते. कडक, गुळगुळीत पट्टीवर कमी जाते. भुसभुशीत, नुकतेच पाणी मारलेल्या काळ्या मातीवर जास्त, आणि त्यालाच आपण "बॉल थांबून येतोय" म्हणतो.

आमच्या चेंडूचे दोन तुकडे करू. त्याचा टप्पा फलंदाजाच्या स्टंपपासून सहा मीटरवर पडला. फलंदाजाची पुढची रेषा स्टंपपासून १.२२ मीटरवर, म्हणजे टप्प्यापासून त्या रेषेपर्यंत ४.७८ मीटर. एकूण १७.६८ मधून हे गेले की हातापासून टप्प्यापर्यंत १२.९ मीटर उरतात.

पहिला तुकडा, १२.९ मीटर. वेग ३५ पासून सुरू होऊन टप्प्याशी ३२ वर येतो. सरासरी साधारण ३३.५. वेळ ०.३८५ सेकंद.

दुसरा तुकडा, ४.७८ मीटर. टप्प्यावर मार खाऊन वेग ३२ वरून २८ च्या आसपास येतो. वेळ ०.१७१ सेकंद.

बेरीज ०.५५६ सेकंद. कोरड्या भागाकाराने आलेल्या ०.५०५ पेक्षा दहा टक्के जास्त.

हा दहा टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा. गुड लेंथवर पडणाऱ्या सीझन बॉलला तो बऱ्यापैकी लागू पडतो. फुलटॉस असेल तर टप्प्याचा मार वाचतो, म्हणून पाच-सहा टक्केच धरा. आखूड टप्प्याचा चेंडू उलट जास्त वेळ घेतो, कारण तो लवकर आपटतो आणि हळू झालेल्या वेगाने जास्त अंतर येतो. बाउन्सर अंगावर येताना वेगवान वाटतो, पण एकाच हाताने त्याच वेगाने टाकलेल्या यॉर्करपेक्षा फलंदाजाला त्याला बघायला किंचित जास्त वेळ मिळतो.

सावध: चेंडू वरून खाली तिरका येतो म्हणून काही जण त्या तिरक्या अंतराचाही हिशेब करतात. करू नका. त्याने एक-दोन टक्क्यांपेक्षा कमी फरक पडतो आणि गोंधळ मात्र दुप्पट होतो.

## ४. एका ओळीचा हिशेब

आता हे सगळे एका ओळीत बसवता येते. १७.६८ ला ३.६ ने गुणले आणि त्यात दहा टक्के मिळवले की ७० येतात. म्हणून:

```
वेळ (सेकंद) = ७० ÷ सुटतानाचा वेग (ताशी किमी)
```

१२६ ला: ०.५५६ सेकंद. १०० ला ०.७०. १२० ला ०.५८. १४० ला बरोबर अर्धा सेकंद. २००३ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध केपटाउनला शोएब अख्तरचा १६१.३ चा चेंडू नोंदला गेला, त्याला हाच हिशेब लावला तर ०.४३.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. वेग दहाने वाढला की वेळ दरवेळी सारखीच कमी होत नाही. ९० वरून १०० वर गेलात तर फलंदाजाचे ०.०८ सेकंद जातात. १३० वरून १४० वर गेलात तर ०.०४ च्याही आत. म्हणजे नव्वदीतल्या पोराने दहा किलोमीटर वाढवले तर समोरच्याला ते जास्त जाणवते. आमच्याकडे चौदा-पंधरा वर्षांचे गोलंदाज १४० चे आकडे बघून नाराज होतात, त्यांना मी हेच कागदावर करून दाखवतो.

सावध: ७० चा आकडा टेनिस बॉलला लावू नका. टेनिस बॉल सीझन बॉलच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त वजनाचा, पण आकाराने जवळपास तेवढाच. हवा त्याला फार लवकर थोपवते आणि वाटेतच त्याचा चतुर्थांशाहून जास्त वेग जातो. फिरकीलाही हा आकडा लावू नका. उंच फेकलेल्या चेंडूची वाट लांब असते आणि तो जास्त उभा आपटतो, त्यामुळे खरी वेळ ७० च्या हिशेबापेक्षा जास्त निघते.

## ५. व्हिडिओवरून पडताळणी

हातातल्या स्टॉपवॉचने हे मोजायचा प्रयत्न करू नका. बघून बोट दाबायलाच आपल्याला सुमारे ०.२ सेकंद लागतात, आणि ती चूक दरवेळी वेगळी असते. इथे मोबाइलचा स्लो मोशनच उपयोगी पडतो.

आधी मोबाइल खरे बोलतोय का ते बघा. स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा. एकाने चेंडू जमिनीपासून बरोबर दोन मीटर उंचीवर धरावा आणि नुसता सोडावा, ढकलायचा नाही. दोन मीटर पडायला ०.६४ सेकंद लागतात, म्हणजे हात सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत साधारण १५३ फ्रेम यायला हव्यात. सत्तर-ऐंशीच आल्या तर मोबाइल प्रत्यक्षात १२० वर चित्रण करतोय. अंधार पडू लागला की काही मोबाइल न सांगता असे करतात. आमच्याकडे कृष्णेच्या बाजूला सूर्य कलल्यावर घेतलेले सगळे व्हिडिओ मी याच कारणाने बाजूला ठेवतो.

मोबाइल पॉइंटच्या बाजूला, खेळपट्टीच्या मध्याच्या रेषेत, पंचवीस-तीस मीटर दूर स्टँडवर लावा. दोन्ही पुढच्या रेषा चौकटीत आल्या पाहिजेत. हातात धरून चित्रण करू नका.

फलंदाज उभा करू नका. हे ऐकून सगळे चकित होतात, पण कारण सरळ आहे. फलंदाज पुढे येऊन खेळला तर चेंडू रेषेच्या मीटरभर आधीच बॅटला लागतो आणि आठ-नऊ फ्रेम गायब होतात. त्याऐवजी रेषेवर, चेंडूच्या वाटेबाहेर, कोन ठेवा आणि चेंडू त्याच्या समोरून जाताना पकडा.

आता मोजणी. ज्या फ्रेममध्ये चेंडू बोटांपासून प्रथम वेगळा दिसतो ती शून्य. एक नव्हे, शून्य. ज्या फ्रेममध्ये तो कोनाच्या रेषेवर आला तिचा क्रमांक म्हणजे एकूण फ्रेम. पहिलीला एक धरले की एक फ्रेम वाढते. २४० वर ही चूक खपून जाते, पण साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एकच फ्रेम सहा टक्के खाते. म्हणून साधा व्हिडिओ यासाठी वापरूच नका.

सावध: आवाजावरून वेळ काढू नका. बॅटचा किंवा स्टंपचा आवाज तीस मीटर यायला ०.०९ सेकंद घेतो, म्हणजे वीस-एकवीस फ्रेम उशीर. चित्रच बघा.

तपासा: एकाच गोलंदाजाचे सहा चेंडू मोजा. त्यांच्यात चार-पाच फ्रेमपेक्षा जास्त फरक येत असेल तर आधी टप्पे बघा, एखादा फुलटॉस किंवा आखूड पडलेला असेल. तो वेगळा काढा.

## ६. त्या तीन आकड्यांचे काय झाले

आता आमच्या पोराच्या व्हिडिओकडे परत येऊ. त्यात १३३ फ्रेम होत्या. १३३ ला २४० ने भागले, ०.५५४ सेकंद.

त्याच्या मित्राने अंतर बरोबर घेतले होते, १७.६८. त्याला ०.५५४ ने भागून आणि ३.६ ने गुणून त्याला ११५ मिळाले. हा आकडा खोटा नाही, तो वाटेतला सरासरी वेग आहे. पण गन सरासरी दाखवत नाही. ती हातातून सुटतानाचा वेग पकडते आणि टीव्हीवरही तोच दिसतो. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवून तुलना केली आणि पोराचे अकरा किलोमीटर गेले.

तिसऱ्याने २०.१२ धरले, म्हणून त्याला १३१ मिळाले. त्याने दोन चुका केल्या, अंतर जास्त घेतले आणि वेग वाटेत कमी होतो हे सोडून दिले. या दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात, त्यामुळे त्याचे उत्तर खऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ आले. म्हणूनच ही पद्धत इतकी टिकून आहे. पण फुलटॉसवर किंवा आखलेली पट्टी कमी-जास्त असली की ती उघडी पडते.

बरोबर उलटा हिशेब असा: ७० ला ०.५५४ ने भागा. १२६.

गनबद्दल एवढेच, की ती गोलंदाजाच्या हाताच्या सरळ मागे किंवा यष्टिरक्षकाच्या मागे, जाळीच्या पलीकडे धरा. बाजूला सरकलात की ती वेग कमी दाखवते, जास्त कधीच नाही. वीस अंशांनी तिरकी धरली तर सहा टक्के जातात, म्हणजे १२६ चे ११८ होतात. आमच्या त्याच पोराला पुढच्या आठवड्यात कोणीतरी स्लिपमधून गन धरून ११७ सांगितले, आणि पुन्हा तीच हिरमुसलेली मुद्रा माझ्यासमोर उभी राहिली.

## ७. थ्रोडाउनसाठी उलटा वापर

या हिशेबाचा मला सर्वात जास्त उपयोग फलंदाजाच्या सरावात होतो. कोच साइडआर्मने जवळून चेंडू टाकतो. तो चेंडू फलंदाजाला किती वेगाचा वाटतो?

अंतर १७.६८ नसेल तेव्हा ७० चालत नाही. मग ३.६ आणि दहा टक्के एकत्र करून चार धरा:

```
वेळ = ४ × अंतर (मीटर) ÷ वेग (ताशी किमी)
```

कोच फलंदाजाच्या पुढच्या रेषेपासून १३ मीटरवर उभा आहे आणि १०० च्या वेगाने टाकतो आहे. चार गुणिले तेरा बावन्न, भागिले शंभर, ०.५२ सेकंद. आता ७० ला ०.५२ ने भागा, १३५. म्हणजे फलंदाजाला वेळ मिळते ती १३५ च्या गोलंदाजासमोर मिळते तेवढीच. अंतर थोडे कमी असल्याने हवेतला तोटाही थोडा कमी होतो, त्यामुळे खरा आकडा एक-दोनने वर जाईल.

उलटही करता येते. कोचचा हात ९५ चा आहे आणि शनिवारच्या सामन्यात समोर १२६ चा गोलंदाज आहे. वेळ हवी ०.५५६. तिला ९५ ने गुणून चारने भागा: १३.२ मीटर. टेप लावून तिथे चुन्याची रेघ मारा आणि कोचचा हात सुटतो ती जागा त्या रेघेवर आणा. पाय रेघेवर ठेवून कोच मीटरभर पुढे झुकून टाकत असेल तर अंतर १२.२ होते आणि फलंदाज १३६ ला खेळू लागतो. कोचला पत्ताही लागत नाही आणि पोरगा "आज बॅटवर बॉलच येत नाही" म्हणत राहतो.

१४० साठी हेच गणित १२ मीटरच्या आत जाते. तिथे सीझन बॉल वापरायचा असेल तर फलंदाजाला हेल्मेट आणि कोचसमोर जाळी हवीच, कारण सरळ मारलेला चेंडू परत यायलाही तेवढाच कमी वेळ घेतो. आमच्याकडे जाळी नसेल त्या दिवशी रेघ १३ मीटरच्या पुढेच असते.